मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड सुरू झालं; आता शुगर कधी-कधी तपासायची?

निफाडची_सून
सोमवार, रात्री ९:४०

सासऱ्यांचं वय ६७. बरीच वर्षं नुसती मेटफॉर्मिन चालू होती. या वेळी तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए१सी ८.४ आलं, म्हणून डॉक्टरांनी सकाळची गोळी बदलून दिली. नव्या गोळीत ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० एसआर आणि व्होग्लिबोज ०.२ असं तिन्ही एकत्र आहे. रात्रीची साधी मेटफॉर्मिन ५०० तशीच ठेवली. क्रिएटिनिन १.५ आहे. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी.

आजपर्यंत आम्ही महिन्यातून एकदा लॅबमध्ये उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर करायचो. घरात ग्लुकोमीटर आहे, पण तो कपाटातच पडून असतो. औषधाच्या दुकानातून निघताना तिथला माणूस म्हणाला, "या गोळीने शुगर उतरते हां, जपा." काय जपायचं, कधी तपासायचं, ते कोणीच सांगितलं नाही.

दिनक्रम असा: सहाला चहा-बिस्किट, आठला गोळी आणि लगेच पोहे किंवा भाकरी, मग बागेत. सध्या द्राक्षतोडणी चालू आहे, त्यामुळे दुपारचं जेवण कधी एकला, कधी अडीचला. ही गोळी चालू असताना तपासणी नेमकी कशी बदलायची?

---

सातपूर_शिफ्ट
सोमवार, रात्री १०:१५

ताई, उगाच घाबरू नका. शुगर लो होणं हे इन्सुलिन घेणाऱ्यांचं दुखणं आहे. ८.४ म्हणजे सरासरी १९०-१९५. एवढ्या वर असलेली शुगर एका १ मिग्रॅच्या गोळीने ७० च्या खाली कशी जाईल? ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही स्पष्ट लिहिलंय की टाइप २ वाल्यांनी रोज मीटर लावायची गरज नाही. महिन्याला फास्टिंग-पीपी करा, तीन महिन्यांनी एचबीए१सी. झालं.

---

गोदाकाठ_फिजिशियन
मंगळवार, सकाळी ७:०५

सातपूरकर, नाइसचा संदर्भ बरोबर आहे, पण अर्धाच. त्याच परिच्छेदात अपवाद दिले आहेत: इन्सुलिन घेणारे, शुगर लो झाल्याचा पुरावा असलेले, गर्भवती, आणि शुगर लो करू शकणाऱ्या गोळ्या घेऊन वाहन किंवा यंत्र चालवणारे. सल्फोनिलयुरिया म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि जुनी ग्लायबेनक्लामाइड. या त्याच "शुगर लो करू शकणाऱ्या" गोळ्या. तेव्हा सासरे बागेत ट्रॅक्टर चालवत असतील तर नाइसचा नियम तुम्ही म्हणता त्याच्या उलट बाजूला लागू होतो.

आता एवढ्या वरची शुगर खाली कशी जाईल, ते पाहू. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीवर पोटॅशियम बाहेर सोडणारं एक दार असतं. एरवी रक्तातली साखर वाढली की ती पेशीत जळते, ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेने हे दार बंद होतं. दार बंद झालं की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर कमी झाली की दार पुन्हा उघडतं आणि इन्सुलिन थांबतं. म्हणजे पेशी आधी साखर मोजते, मग इन्सुलिन देते. सल्फोनिलयुरिया त्या दाराला थेट चिकटून ते बंद करते. साखर २०० असो की ८०, दार बंद, इन्सुलिन चालू. मोजणीची पायरीच वगळली जाते. मेटफॉर्मिन हे करत नाही. ती यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते, म्हणून तिच्यावर एकटीवर असताना शुगर फारशी धोक्याच्या खाली जात नाही. म्हणूनच इतकी वर्षं तुमचा मीटर कपाटात राहिला तरी चाललं.

वरच्या सरासरीचा यात आधार नाही. एचबीए१सी ७ म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास. पण नाश्त्यानंतर २४० आणि जेवणाआधी ६० असणाऱ्या माणसाची सरासरीसुद्धा १५० च येते. सरासरीत खड्डा दिसत नाही.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत खड्डा कुठे पडेल, याचा अंदाज वेळापत्रकावरूनच येतो. ग्लिमेपिराइडचा जोर घेतल्यावर साधारण दोन-तीन तासांत सर्वाधिक असतो आणि परिणाम दिवसभर टिकतो. आठची गोळी म्हणजे दहा-साडेदहाला जोर. पोह्यांची साखर अकरापर्यंत वापरून झालेली असते. त्यात तोडणीचं काम. स्नायू काम करताना इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. आणि जेवण अडीचला. म्हणजे साडेअकरा ते अडीच हा त्यांचा धोक्याचा काळ. आता बघा, लॅबमध्ये तुम्ही काय मोजता? सकाळी सातला उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी, म्हणजे दहाला. दोन्ही वेळा खड्ड्याच्या अलीकडच्या. रिपोर्ट चांगला येईल आणि खड्डा कोणालाच कळणार नाही.

दुसरं, क्रिएटिनिन १.५. ६७ वर्षांच्या पुरुषात याचा अर्थ मूत्रपिंडाचं काम साधारण ५० च्या आसपास. त्यामुळे गोळी आणि तिचे अवशेष शरीरात जास्त वेळ राहू शकतात. १ मिग्रॅने सुरुवात केली, ते योग्यच केलं आहे.

---

पंचवटी_मेडिकल
मंगळवार, सकाळी ९:३०

फार्मासिस्ट म्हणून या गोळीबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण दुकानाच्या काउंटरवर त्या सांगायच्या राहून जातात.

पहिली. गोळीत व्होग्लिबोज आहे. ती आतड्यात साखरेचे मोठे कण तोडणाऱ्या विकराला अडवते. आपली चहातली साखर, गूळ, बिस्किट, पेढा, सगळं आधी तुटावं लागतं, मगच रक्तात जातं. व्होग्लिबोज घेतलेल्या माणसाची शुगर उतरली आणि तुम्ही गूळ-पाणी किंवा साखरेचा चहा दिला, तर तो तोडायलाच वेळ लागतो. शुद्ध ग्लुकोज आधीच सुटं असतं, ते थेट शोषलं जातं. म्हणून घरात आणि बागेत ग्लुकोज पावडर ठेवा, साखरेची पुडी नव्हे. एका वेळी १५ ग्रॅम. डब्यातला चमचा निरनिराळ्या मापाचा असतो, म्हणून डब्यावर किती ग्रॅम लिहिलंय ते वाचा आणि त्या मापाने १५ ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून ठेवा. घाईच्या वेळी मोजत बसता येत नाही.

दुसरी. उपास असेल किंवा नाश्ता कमी होणार असेल तर अर्धी गोळी द्यायचा मोह होतो. एसआर गोळी तोडायची नाही. मेटफॉर्मिन हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते. तोडली की ते एकदम सुटतं, आणि ग्लिमेपिराइडचा भाग दोन्ही तुकड्यांत सारखा गेलाच असेल याची खात्री नाही. डोस कमी करायचा झाला तर डॉक्टरांना सुटी गोळी लिहून द्यायला सांगायचं. ग्लिमेपिराइड अर्ध्या मिग्रॅचीही मिळते.

---

मुसळगाव_मी
मंगळवार, दुपारी १२:२०

थोडं वेगळं विचारतो. माझ्या आईला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, एकदा सल्फाच्या अँटिबायोटिकने अंगभर पुरळ आलं होतं. तिलाही ग्लिमेपिराइड लिहून दिलंय. सल्फोनिलयुरिया या गटाच्या नावात "सल्फ" आहे म्हणजे ते द्यायलाच नको ना? तुम्ही "धोका" म्हणताय तो हाच का?

---

पंचवटी_मेडिकल
मंगळवार, दुपारी १:०५

नाही, इथला धोका शुगर उतरण्याचा. तुमचा प्रश्न वेगळा आहे. अँटिबायोटिक सल्फात ज्या भागामुळे सहसा अ‍ॅलर्जी होते, तो भाग या गोळ्यांमध्ये नाही, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी म्हणजे दुसऱ्याचीही होईल असं सहसा होत नाही. तरी पुरळ कसं होतं, तोंडात फोड आले होते का, त्वचा सुटली होती का, हे डॉक्टरांना सांगूनच गोळी सुरू करा.

पण आईंच्या बाबतीत सल्फाचा एक संबंध या धाग्याशी आहेच. लघवीच्या जंतुसंसर्गाला दिली जाणारी सल्फाची गोळी ग्लिमेपिराइडसोबत घेतली तर शुगर जास्त उतरू शकते. बुरशीवरची फ्लुकोनाझोलही तसंच करते, कारण ग्लिमेपिराइड शरीरातून ज्या मार्गाने बाहेर पडतं तोच मार्ग ती अडवते. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने शुगर वर-खाली दोन्हीकडे जाते. खाजेसाठी कोणी सहज फ्लुकोनाझोल दिली तर गोळ्यांची सगळी यादी आधी दाखवा.

---

निफाडची_सून
मंगळवार, रात्री ९:१५

ग्लुकोज पावडर आणली, पुड्या बांधल्या. आता तपासायचं वेळापत्रक सांगा. ५० स्ट्रिप्सचा डबा आणला आहे.

---

गोदाकाठ_फिजिशियन
मंगळवार, रात्री १०:००

जगभर सगळ्यांना लागू असा एकच आकडा नाही. मी असं सांगतो: पहिले दोन आठवडे रोज दोन तपासण्या. त्यातली एक ठरलेलीच, दुपारच्या जेवणाआधी, मग जेवण कितीही वाजता असो. बागेत असतील तर मीटर बागेत न्यायचा. दुसरी फिरती: एक दिवस सकाळी उपाशीपोटी, एक दिवस रात्रीच्या जेवणाआधी, एक दिवस झोपताना, आणि पुन्हा पहिल्यापासून. २८ स्ट्रिप्स त्यातच जातात. उरलेल्या २२ लक्षणं वाटतील तेव्हासाठी आणि लो झाल्यावर पुन्हा मोजण्यासाठी. नाश्त्यानंतर दोन तासांची तपासणी पूर्ण सोडू नका, पण ती गोळी काम करते आहे का हे सांगते. सुरक्षित आहे का, ते जेवणाआधीची सांगते.

७० च्या खाली आली की लो. ५४ च्या खाली आली तर गंभीर. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ७० ते ८० च्या मधली आणि जेवण तासभर लांब असेल, तर खाऊन घ्यायचं, वाट पाहायची नाही. याला कारण आहे. घरगुती मीटरना ठरलेल्या मानकाप्रमाणे १०० च्या खाली १५ अंकांपर्यंत फरक चालतो. मीटरने ७२ दाखवलं तर खरी शुगर ५७ ही असू शकते.

दोन आठवड्यांत एकदाही ८० च्या खाली गेली नाही, तर पुढे आठवड्यातून दोन-तीनदा, त्यातली एक दुपारच्या जेवणाआधी. डोस वाढला, नवं औषध आलं, जुलाब-उलट्या होऊन खाणं कमी झालं, किंवा क्रिएटिनिन वाढलं, की दोन आठवड्यांचं चक्र पुन्हा सुरू.

---

सातपूर_शिफ्ट
मंगळवार, रात्री १०:४०

डॉक्टर, नाइसचा अपवाद मी वाचला नव्हता, मान्य. पण लो झाल्याचं कळतंच ना? हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं. मग रोज बोट टोचायचं कशाला?

---

गोदाकाठ_फिजिशियन
मंगळवार, रात्री ११:१०

बऱ्याच जणांना कळतं, सगळ्यांना नाही. वयस्कांमध्ये थरथर-धडधड कमी आणि चिडचिड, बोलण्यात गोंधळ, पाय लटपटणं जास्त दिसतं. घरचे म्हणतात, उन्हात थकले असतील. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबते. घाम मात्र येतोच. आणि वारंवार लो होत राहिलं की शरीर ते सांगणंच कमी करतं.

---

सिडको_लेक
बुधवार, सकाळी ६:५०

आमच्या आईचं विचारते. वय ७१, ग्लिमेपिराइड सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा १ मिग्रॅ, सोबत मेटोप्रोलॉल. रात्री घामाने उशी ओली होते, सकाळी डोकं जड. सकाळची उपाशीपोटी १८५ ते १९५ येते, म्हणून संध्याकाळचा डोस वाढवायचं चाललंय. रात्रीची साखर उतरून सकाळी उलट चढते, असं कोणीतरी सांगितलं. ते खरं का?

---

गोदाकाठ_फिजिशियन
बुधवार, सकाळी ७:२०

ताई, डोस वाढवायच्या आधी रात्री तीनला दोन-तीन दिवस तपासा. घाम, बीटा ब्लॉकर आणि संध्याकाळचा डोस, हे तिन्ही एकत्र आहेत, म्हणून तुमच्याकडे तीनची तपासणी लागतेच. तीनला ६० आली तर डोस वाढवणं चुकीचं. तीनलाही १७० च असेल तर घामाचं कारण दुसरं, आणि सकाळची शुगर खरोखरच वाढलेली आहे.

उतरून उलट चढण्याच्या कल्पनेबद्दल एकमत नाही. मोजून पाहिलं तर सकाळी वर असलेल्या बहुतेकांची रात्रीची शुगरही वरच निघते. पण घाम येतोय तिथे अंदाजावर राहायचं नाही. आज झोपताना १०० च्या खाली असेल तर काही खाऊन झोपू दे आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

---

निफाडची_सून
पुढच्या सोमवारी, सायंकाळी ६:३०

पाच दिवसांच्या नोंदी देते. दुपारच्या जेवणाआधी: बुधवारी १०४, गुरुवारी ९१, शुक्रवारी ८३, शनिवारी १५२, रविवारी ६४.

शनिवारचं १५२ पाहून आम्हाला बरं वाटलं होतं. मग सासरे म्हणाले, गळल्यासारखं वाटतंय. पुन्हा तपासलं तर ७४. मीटर बिघडला का?

रविवारी तोडणी लांबली. एक वाजून दहा मिनिटांनी ६४. घाम नाही, थरथर नाही. मजुरांवर विनाकारण ओरडत होते म्हणून दिराने मीटर लावला. त्याला पुड्यांचं माहीत नव्हतं, त्याने गुळाचा चहा दिला. पंधरा मिनिटांनी ६७. तेव्हा ग्लुकोजची पुडी दिली. पुढच्या पंधरा मिनिटांनी ९६. मग जेवले. चारला ८१, रात्रीच्या जेवणाआधी ८८, झोपताना १२१.

---

पंचवटी_मेडिकल
सोमवार, सायंकाळी ७:००

गुळाच्या चहाचं तुम्ही स्वतःच पाहिलंत. ६४ ते ६७, पंधरा मिनिटांत तीन अंक, आणि तेही मीटरच्या चुकीच्या आत. व्होग्लिबोज नसती तर बहुधा तेवढ्या वेळात बरीच वर आली असती. एक पुडी दिराच्या खिशात आणि एक बागेतल्या शेडमध्ये कायमची ठेवा.

शनिवारी तपासण्याआधी हात धुतले होते का?

---

निफाडची_सून
सोमवार, सायंकाळी ७:२५

पहिल्या वेळी नाही. बागेतून आले, घड चाखून पाहिले होते, स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं आणि टोचलं. दुसऱ्या वेळी तोंड-हात धुऊन आले होते.

---

गोदाकाठ_फिजिशियन
सोमवार, रात्री ९:१०

तेच कारण. द्राक्षाच्या रसात ग्लुकोज असतं. बोटावर नुसता सुकलेला थर असला तरी थेंबात ते मिसळतं आणि आकडा वर जातो. स्पिरिटचा बोळा तो पुरता काढत नाही. पाण्याने धुऊन, कोरडं करून, शक्यतो दुसरा थेंब घ्या. निफाडच्या द्राक्षहंगामात हे विसरून चालणार नाही, कारण चूक नेहमी वरच्या बाजूला होते आणि खरा लो झाकला जातो. स्ट्रिपचा डबा झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, ट्रॅक्टरच्या डब्यात नको.

आता नोंदी. १०४, ९१, ८३, शनिवारी खरं ७४, रविवारी ६४. शनिवारचं १५२ बोटावरच्या रसामुळे आलं होतं, पण उतरण सरळ आहे. रात्रीपर्यंत ८८ म्हणजे नाश्त्यानंतरच्या खड्ड्यापलीकडेही गोळीचा परिणाम चालूच होता. हा कागद घेऊन उद्याच डॉक्टरांना दाखवा. एक विचारा: ही तिहेरी गोळी बदलून सुटी औषधं द्याल का, म्हणजे ग्लिमेपिराइड अर्ध्या मिग्रॅवर आणता येईल किंवा तिच्याऐवजी साखर पाहून काम करणारी ग्लिप्टिन गटातली गोळी देता येईल. दोन्ही एकत्र द्यायची झाली तर ग्लिमेपिराइड आधी कमी करावं लागतं. तोपर्यंत बागेत अकराला थोडं खाणं द्या, शेंगदाणे-चिवडा नव्हे, पोळी-भाजी किंवा केळं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कधी बेशुद्ध झाले किंवा गिळता येईना, तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. रुग्णालयात ग्लुकोज देऊन शुद्ध आली तरी या गोळीनंतर दोन तासांत घरी आणू नका. औषध शरीरात असेपर्यंत शुगर पुन्हा उतरू शकते; मूत्रपिंड कमजोर असेल तर दुसऱ्या दिवशीही.

---

सिडको_लेक
सोमवार, रात्री ९:४५

आईची तीनची शुगर: शुक्रवारी ५८, शनिवारी १६२, रविवारी ६१. सकाळच्या अनुक्रमे १८८, १९३, १७९. संध्याकाळचा डोस आज डॉक्टरांनी थांबवला. शनिवारी ती उशिरा जेवली होती, म्हणून १६२ असेल का?

---

गोदाकाठ_फिजिशियन
सोमवार, रात्री १०:०५

असू शकतं, एका रात्रीवरून सांगता येत नाही. आणखी चार रात्री तीनला बघा, जेवणाची वेळ शेजारी लिहा. डोस आज थांबवला तरी त्याचा परिणाम उद्यापर्यंत रेंगाळू शकतो, म्हणून आजची रात्र सोडू नका.

---

सातपूर_शिफ्ट
सोमवार, रात्री १०:३०

निफाडच्या ताईंना एक विचारतो. येत्या एकादशीला सासरे उपास धरतात का? आमच्याकडे सकाळी गोळी घेतात आणि दुपारी एकला साबुदाणा खिचडी. आठ ते एक पोट रिकामं आणि गोळी पोटात. हेच मी इतकी वर्षं सुरक्षित समजत होतो.

---

निफाडची_सून
सोमवार, रात्री १०:४२

धरतात. उद्याच्या कागदावर तेही लिहून घेते: उपासाच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही.